कुरडयांचं पान कुठून जोडायचं? एका पाककृतींच्या वेबसाइटवरची 115 अनाथ पानं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्यांची मराठी पाककृतींची वेबसाइट गेली दहा-बारा वर्षं चालू आहे आणि तिची तांत्रिक बाजू मी बघते. "अगं, माझ्या कुरडया कुठे गेल्या? गूगलवर शोधलं तर दुसऱ्यांच्याच येतात. आणि आपल्या साइटवर मलाच सापडेनात."

कुरडयांचं पान साइटवर होतं. पत्ता टाइप केला की उघडत होतं, मजकूर आणि फोटो शाबूत होते. पण पत्ता माहीत नसलेल्या माणसाला तिथे जायला वाटच नव्हती. मुखपृष्ठापासून कितीही क्लिक केले तरी त्या पानावर जाणारी एकही लिंक नव्हती. अशा पानाला ऑर्फन पेज म्हणतात, मराठीत अनाथ पान. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात त्याचा पत्ता तपासला तेव्हा स्थिती दिसली `Crawled - currently not indexed`, म्हणजे गूगलने पान वाचलं, पण आपल्या निर्देशांकात, शोधाच्या यादीत, घेतलं नाही. त्याच्याखाली 'Referring page' या ओळीपुढे होतं `None detected`. म्हणजे गूगलला पत्ता कळला होता, पण फक्त साइटमॅपमधून. साइटवरच्या कुठल्याही पानाने या पानाकडे बोट दाखवलेलं नव्हतं.

साइटमॅपमध्ये पान आहे म्हणजे ते जोडलेलं आहे, असा समज मला पुन्हा पुन्हा भेटतो. साइटमॅप ही नुसती पत्त्यांची यादी आहे. हे पान कशाबद्दल आहे, कशाच्या जवळचं आहे, साइट स्वतः त्याला किती महत्त्व देते, यातलं काहीच त्या यादीतून कळत नाही. ते लिंकमधून कळतं, आणि लिंकच्या शब्दांमधून.

एक पान असं निघालं म्हणजे आणखीही असणार, म्हणून आधी सगळी शोधायची ठरवली.

दोन याद्या

पद्धत सोपी आहे. एक यादी असलेल्या पानांची आणि दुसरी लिंक धरून चालत गेल्यावर सापडणाऱ्या पानांची. पहिलीत आहेत पण दुसरीत नाहीत ती पानं अनाथ.

साइट वर्डप्रेसवर आहे, त्यामुळे पहिली यादी थेट सर्व्हरवरून काढली:

```
wp post list --post_type=post,page --post_status=publish --field=url > sarva.txt
```

612 पत्ते निघाले. साइटमॅपवरूनही यादी मिळाली असती, पण एखादं पान साइटमॅपमधूनच वगळलेलं असेल तर ते दोन्हीकडे दिसणार नाही. म्हणून डेटाबेसमधली यादीच खरी धरायची.

दुसऱ्या यादीसाठी स्क्रीमिंग फ्रॉग हा क्रॉलर, म्हणजे लिंक धरून साइटभर फिरणारा प्रोग्रॅम, चालवला. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्याची मोफत आवृत्ती 500 पत्त्यांवर थांबते, आणि त्या 500 मध्ये फोटो आणि स्टाइलच्या फाइलीही मोजल्या जातात. क्रॉल अर्धवट राहिला तर जिथवर तो पोचलाच नाही ती सगळी चांगली पानं अनाथ म्हणून यादीत येतात. दुसरं म्हणजे क्रॉलरला साइटमॅप वाचायला देणारी सेटिंग या कामापुरती बंद हवी. ती चालू राहिली तर अनाथ पानं त्याला साइटमॅपमधून मिळतात आणि तो ती 'सापडली' असं सांगतो. शोधायचं आहे नेमकं तेच झाकलं जातं. सुरुवात फक्त मुखपृष्ठापासून आणि पुढे फक्त लिंकवरून, एवढंच त्याला करू द्यायचं.

क्रॉल पूर्ण झाल्यावर दोन्ही याद्या ताडल्या तर 388 पानं अनाथ निघाली. निम्म्याहून जास्त साइट अनाथ असेल हे मला पटेना. यादीवर नजर टाकली तर तिच्यात पुरणपोळी होती. पुरणपोळी मुखपृष्ठावर आहे.

चूक पत्त्यांच्या लिखाणात होती. या साइटवर बरीच पानं देवनागरी पत्त्यांची आहेत. ब्राउझरमध्ये आपल्याला 'कुरडया' दिसतं, पण आत प्रत्येक अक्षराचा टक्के-चिन्हांचा संच असतो. नुसतं 'कु' हे `%e0%a4%95%e0%a5%81` असं लिहिलं जातं. वर्डप्रेस हे छोट्या लिपीत ठेवतं, माझ्या क्रॉलच्या यादीत तेच कॅपिटलमध्ये होतं, `%E0%A4%95%E0%A5%81`. दोन्हींचा अर्थ एकच, पण ओळी जशाच्या तशा ताडणाऱ्या आज्ञेला ते दोन वेगळे पत्ते वाटतात. मराठी पत्ते असलेल्या साइटवर हा घोळ हमखास होतो. म्हणून दोन्ही याद्या आधी साध्या देवनागरीत उलगडून घेतल्या:

```
import sys, urllib.parse, unicodedata
for l in sys.stdin:
    u = urllib.parse.unquote(l.strip())
    print(unicodedata.normalize('NFC', u))
```

मग ताडणी:

```
export LC_ALL=C
sort -u sarva-2.txt > a.txt
sort -u crawl-2.txt > b.txt
comm -23 a.txt b.txt
```

आता 115 पत्ते आले. त्यातले वीस मी हाताने तपासले. साइटवर त्यांची वाट शोधून पाहिली, मिळाली नाही. ही यादी खरी होती.

अनाथ कशी झाली

115 पानांच्या तारखा लावून पाहिल्या तेव्हा जवळजवळ सगळी 2021 च्या आधीची निघाली. त्या वर्षी साइटचं रूप बदललं होतं. आधी प्रत्येक विभागाच्या तळाशी 1, 2, 3 असे पानांचे आकडे असायचे. नव्या रूपात ते गेले आणि 'आणखी पाहा' हे बटण आलं. माणसाने दाबलं की पुढच्या बारा पाककृती उघडतात. पण गूगलचा क्रॉलर बटणं दाबत नाही. त्याला `<a href>` मध्ये पत्ता असलेली लिंक लागते. त्यामुळे प्रत्येक विभागातल्या ताज्या बारा पाककृतींनंतरचं सगळं त्याच्या दृष्टीने संपलं. दुसऱ्या एखाद्या लेखातून ज्या जुन्या पाककृतींना लिंक होती त्या तेवढ्या वाचल्या.

त्याच वेळी 'वाळवण' हा छोटा विभाग 'साठवणीचे पदार्थ' यात मिसळला गेला. लोणची, मुरांबे, मसाले अशा भरपूर पाककृतींच्या मागे वाळवणाची चौदाच्या चौदा पानं बटणापलीकडे गेली. काकूंच्या कुरडया तिथे होत्या.

पानांचे आकडे परत आणले. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पुन्हा क्रॉल केला असता तर अनाथ पानांची संख्या त्याच दिवशी जवळपास शून्य दिसली असती, आणि पुष्कळ जण काम इथेच संपवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. विभागाच्या सहाव्या पानावर इतर अकरा पदार्थांबरोबर पडलेली एक लिंक म्हणजे पोस्टात नाव नोंदवण्यासारखं आहे, त्याने ओळख होत नाही. वाचक सहाव्या पानापर्यंत जात नाही. आणि शेवयांच्या वर, लोणच्याच्या खाली असलेल्या त्या लिंकवरून कुरडया कशाशी जोडलेल्या आहेत हे गूगललाही कळत नाही. आकडे असावेत, पण ती किमान सोय झाली.

कुणाला जोडायचंच नाही

115 पैकी 4 पानं अनाथच राहायला हवी होती. ईमेल नोंदवल्यावर येणारं 'धन्यवाद' पान आणि तसलीच आणखी तीन. गूगलने ती निर्देशांकात घेऊ नयेत म्हणून त्यांना `noindex` लावून ठेवलं. 11 पानं जुन्या दिवाळी स्पर्धांच्या घोषणांची होती, ती काढून टाकली. 19 पानं दुसऱ्या पानाची पुनरावृत्ती होती. बासुंदीची तर तीन पानं निघाली आणि तिन्हींत दूध आटवायची रीत एकच. त्यातलं चांगलं ठेवून बाकीच्यांवरून त्याच्याकडे 301, म्हणजे कायमचं, वळण दिलं. इथे घाई करू नये. काढण्याआधी प्रत्येक पत्ता सर्च कन्सोलच्या गेल्या 16 महिन्यांच्या आकड्यांत पाहिला. एका 'जुन्या' बासुंदीवर अजून लोक येत होते, म्हणून ती ठेवली आणि नवी तिच्यात विलीन केली.

उरली 81. त्यांना लिंक कुठून द्यायची हा या कामातला खरा प्रश्न होता.

शब्द शोधताना मराठी आडवी येते

नेहमीची युक्ती अशी की त्या विषयाचा उल्लेख आधीच असलेली पानं शोधायची, कारण तिथे लिंक द्यायला वाक्य तयार असतं. मी सगळ्या लेखांचा मजकूर फाइलींत काढला आणि 'कुरडई' शोधलं. तीन पानं आली. मला वाटलं उल्लेख कमी आहेत.

मग लक्षात आलं की स्वयंपाकघरात 'कुरडई' एकटी क्वचितच येते. लिहिताना आपण कुरडया लिहितो, कुरडयांची, कुरडयांसाठी लिहितो. शब्द वाकला की शोध चुकतो. 'कुरड' एवढंच शोधलं तर 17 पानं निघाली. चिकाचं त्याहून अवघड. 'चीक' मध्ये ई दीर्घ, पण 'चिकाच्या', 'चिकात' मध्ये ऱ्हस्व. 'चीक' शोधणाऱ्याला 'चिकाची वाटी' कधीच सापडणार नाही. पीठ-पिठाचे, कीस-किसाचा, मीठ-मिठाचे, सगळ्यांचं हेच. म्हणून प्रत्येक पानासाठी शब्दाचं सरळ रूप आणि सामान्यरूप अशी दोन्ही लिहून घेतली आणि मगच शोधलं.

सोऱ्याने तर मला सगळ्यात जास्त वेळ अडवलं. 'सोऱ्या आणि त्याच्या चकत्या' हे एक चांगलं पान अनाथ होतं. कुरडया, शेव, चकली यांना कुठली चकती लावायची ते त्यात नीट सांगितलं आहे. 'सोऱ्या' शोधलं तर चारच पानं आली, आणि चकलीच्या पानाचं त्यात नाव नाही. चकलीचं पान उघडलं, समोर स्पष्ट लिहिलेलं होतं, 'सोऱ्यात पीठ भरून'. डोळ्यांना दिसतंय आणि शोधाला सापडत नाही.

हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र अक्षरं वेगळी. काकूंनी स्वतः लिहिलेल्या पाककृती एका कीबोर्डवरच्या होत्या, त्यांच्या सुनेने टाइप केलेल्या दुसऱ्या. शोधण्याआधी सगळा मजकूर एका रूपात आणला:

```
t = unicodedata.normalize('NFC', t)
t = t.replace('र\u094d\u200d', '\u0931\u094d')
```

सोऱ्याची पानं चारावरून तेरा झाली. वऱ्हाडी, पुऱ्या, कैऱ्या, मिऱ्या असे शब्द साइटभर आहेत, त्यामुळे ही एक ओळ पुढे रोज कामाला आली. हा बदल शोधायच्या प्रतीत केला, साइटवरच्या मजकुराला हात लावला नाही.

सतरा पानं, पाच लिंका

आता कुरडयांचा उल्लेख असलेली सतरा पानं समोर होती. सतराही ठिकाणी लिंक टाकायचा मोह होतो आणि अशी कामं करून देणारी प्लगिनंही मिळतात. मी एकेक पान वाचलं आणि स्वतःला एकच विचारलं, इथे वाचत असलेल्या बाईला या क्षणी कुरडया घालायची कृती हवी आहे का?

'गव्हाचा चीक' या पानावर उत्तर सरळ हो. कुरडया चिकाच्याच होतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून सत्त्व काढायचं, ते तळाशी बसलं की वरचं पाणी ओतून शिजवायचं, इथवर दोन्ही कृती एकच आहेत. त्या पानाच्या शेवटी आधीपासूनच वाक्य होतं, 'उरलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून कुरडया घालता येतात.' लिंक तिथेच दिली, 'सोऱ्यात भरून कुरडया घालता येतात' या शब्दांवर. त्याच वाक्यात सोऱ्याच्या पानालाही लिंक देता आली असती, पण शेजारी शेजारी दोन लिंका टोचतात. सोऱ्याला चकलीच्या पानावर जागा दिली.

'कुरडयांची भाजी' या पानावरही हवी. भाजी करायला आधी कुरडया लागतात. पण साहित्याच्या यादीत 'कुरडया – 6' या ओळीवर लिंक द्यायला मी तयार नव्हते. यादी वाचणारी बाई आत्ता भाजी करायला उभी आहे. तिला तीन दिवसांच्या भिजवणीकडे पाठवून उपयोग नाही. कृतीनंतरच्या टिपेत काकूंनी एक वाक्य नवं लिहिलं, 'विकतच्या कुरडया भाजीत लवकर मोडतात. उन्हाळ्यात घरी गव्हाच्या कुरडया घालून ठेवल्या तर भाजी अशी सुटी होते,' आणि लिंक 'घरी गव्हाच्या कुरडया' वर बसली.

गुढीपाडव्याच्या ताटाच्या पानावरून आमच्यात मतभेद झाला. वर्षातल्या सगळ्यात जास्त भेटी त्या पानाला मिळतात, आणि त्यात 'तळलेले पापड, कुरडया' असा उल्लेख आहे. गर्दीच्या पानावरून लिंक द्यावी असं कुणीही सांगेल. मी नको म्हणत होते, कारण ताट वाढणाऱ्या बाईला तळलेली कुरडई हवी आहे, कुरडया घालायची रीत नव्हे.

"तुझं बरोबर आहे गं," काकू म्हणाल्या, "पण पाडवा झाला की आमच्याकडे वाळवणाचीच गडबड असायची. चैत्राचं ऊन लागलं की आई गहू भिजत घालायची. पाडव्याला संपलेला डबा बघूनच ठरायचं यंदा किती घालायच्या ते."

मी पान पाहत होते, काकू वर्ष पाहत होत्या. ताटाच्या वर्णनात लिंक दिली नाही. पानाच्या शेवटी काकूंनी चार ओळी लिहिल्या, पाडव्यानंतर काय काय वाळत घालायचं त्याच्या, आणि त्यात कुरडया, सांडगे आणि बटाट्याचा कीस या तिन्ही अनाथ पानांना जागा मिळाली.

आणखी दोन लिंका शेवयांच्या आणि सालपापड्यांच्या पानावरून दिल्या. तिथे 'याच उन्हात' असा धागा आपोआप होता. उरलेल्या बारा पानांवर कुरडई फक्त तोंडी लावायला येते, ती तशीच सोडली. प्रत्येक उल्लेखाला लिंक दिली तर वाचणारी एकाही लिंकेवर थांबत नाही.

लिंकच्या शब्दांबद्दल थोडं. मराठीत शब्द वाक्यात वाकतो, म्हणून पुष्कळ जण वाक्य तोडून शेवटी 'कृतीसाठी इथे क्लिक करा' असं लिहितात. त्याची गरज नाही. 'चिकाच्या कुरडयांना' हे प्रत्ययासकट लिंकमध्ये असलं तरी काही बिघडत नाही, वाक्य अखंड राहतं आणि पुढे काय मिळणार ते कळतं. शब्दाच्या मध्ये लिंक तोडून प्रत्यय बाहेर मात्र ठेवू नये, वाचताना ते अडखळतं.

जिथे उल्लेखच नव्हता

बिबड्यांचं पान वेगळ्या अडचणीचं होतं. खानदेशी बिबडे साइटभर कुठेच आले नव्हते, एकही वाक्य नाही. अशा वेळी शब्द शोधून भागत नाही, या पानाच्या आधी वाचक कुठे असेल ते शोधावं लागतं. बिबडे ज्वारीचे. 'ज्वारीच्या पिठाचे पदार्थ' हा लेख साइटवर होता, त्यात भाकरी, धपाटे, आंबील, सगळं होतं. बिबडे तिथे असायलाच हवे होते. काकूंनी एक परिच्छेद जोडला आणि तो लेख आधीपेक्षा पुरा झाला.

सहा पानांसाठी मात्र असं वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येईना. ओढून ताणून लिहिलेलं वाक्य चांगलं पान बिघडवतं. ती सहा फक्त विभागाच्या यादीत आणि, वाळवणाची असतील तर, नव्या 'उन्हाळी वाळवण' पानावर आहेत. ते पान विभागाच्या आपोआप बनणाऱ्या यादीसारखं नाही. काकूंनी ते कामाच्या क्रमाने लिहिलं आहे, आधी कडक ऊन लागणारं, मग सावलीतही वाळणारं. चौदाही वाळवणं त्यात आली आणि ते पान मुखपृष्ठावरून एका क्लिकवर आहे. प्रत्येक वाळवणाच्या पानावरून परत तिकडे लिंक आहे.

कसं तपासलं

पुन्हा क्रॉल केला, त्याच दोन याद्या ताडल्या. चार पत्ते आले, तीच 'धन्यवाद' वगैरे. मग क्रॉलरच्या 'Inlinks' स्तंभात 81 पानांना प्रत्येकी किती पानांवरून लिंक येते ते पाहिलं. एकच असेल तर ती कुठली, तेही पाहिलं. सहा वगळता सगळ्यांना मजकुरातून किमान एक होती.

सर्च कन्सोलमध्ये कुरडयांचा पत्ता तीन आठवड्यांनी तपासला. 'Referring page' पुढे आता चिकाच्या पानाचा पत्ता होता आणि पान निर्देशांकात आलं होतं. एप्रिलमध्ये भेटीही वाढल्या, पण हे लिंकांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. एप्रिलमध्ये कुरडया सगळेच शोधतात. गेल्या वर्षीचा एप्रिल-मे आणि या वर्षीचा एप्रिल-मे शेजारी ठेवले तरच काही सांगता येईल, आणि तेव्हाही पानांचे आकडे परत आणल्याचा वाटा किती आणि लिंकांचा किती हे वेगळं करता येणार नाही, कारण आम्ही दोन्ही एकाच महिन्यात केलं. पुन्हा असं काम आलं तर मी आकडे आधी आणेन, दोन महिने थांबेन आणि मग लिंका देईन.

आता दर महिन्याच्या एक तारखेला ही ताडणी आपोआप होते आणि यादी काकूंना ईमेलने जाते. गेल्या महिन्यात तिच्यात दोन नवी पानं होती. त्यातलं आंबोशीचं पान काकूंनी त्याच दुपारी आमटीच्या पानाला जोडलं.